वस्तू संपली, ग्राहक गप्प: बदली माल कोणाच्या संमतीने?

बेळगावच्या वडगावात राहणारी माझी मावशी दरवर्षी उन्हाळा लागला की वर्षाची चटणी करते. एक किलो ब्याडगी आणि अर्धा किलो संकेश्वरी हे तिचे मिरचीचे प्रमाण गेल्या कित्येक वर्षांत बदललेले नाही. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी. यंदा गुडघ्यांमुळे तिला रविवार पेठेत जाणे जमणार नव्हते, म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाने बेळगावातल्याच एका दुकानाच्या अ‍ॅपवरून किराणा मागवला. यादीत चौदा वस्तू होत्या, पैसे यूपीआयने आगाऊ भरलेले होते आणि माल दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते बारा या वेळात घरी यायचा होता. माल वेळेवर आला, पण ब्याडगीच्या जागी गुंटूर मिरचीचे पाकीट होते. मावशीने ते न फोडता बाहेरूनच ओळखले, कारण ब्याडगीची साल सुरकुतलेली आणि रंग गडद असतो, आणि हातातली मिरची गुळगुळीत होती. तोपर्यंत धणे, खोबरे, तीळ, दगडफूल सगळे भाजून झाले होते आणि कांडपाच्या गिरणीत दुपारचा नंबर लावलेला होता. पावतीवर त्या मिरचीपुढे, ग्राहकाचे उत्तर न आल्याने पर्यायी वस्तू दिली आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली होती.

मी नंतर त्या दुकानात जाऊन चौकशी केली. तिथल्या लोकांनी काहीही लपवले नाही, म्हणूनच पुढचे तपशील मला मांडता येतात. सकाळी ८:४० ला एका मुलाने ही यादी हातातल्या यंत्रावर घेतली आणि माल काढायला सुरुवात केली. पडद्यावर ब्याडगीची तीन पाकिटे शिल्लक दिसत होती, प्रत्यक्ष फळीवर एकही नव्हते. असे होणे नेहमीचेच आहे, कारण अ‍ॅपवरची गिऱ्हाइके आणि काउंटरवरची गिऱ्हाइके एकाच फळीवरून माल उचलतात. कोणी पाकीट टोपलीत टाकून दुकानात फिरत असतो, एखादे फाटून बाजूला ठेवलेले असते, एखादे चुकून दुसऱ्याच फळीवर गेलेले असते, आणि संगणकाला यातले काहीच बिल होईपर्यंत किंवा मोजदाद होईपर्यंत कळत नाही. ८:५२ ला त्या मुलाने यंत्रावर वस्तू संपल्याची नोंद केली, यंत्राने चार पर्याय दाखवले, त्यातला पहिला त्याने निवडला आणि मावसभावाच्या फोनवर मंजुरीचा संदेश गेला. पंधरा मिनिटांनी आठवण गेली. ९:१५ ला एक फोन गेला. तो बंगळुरूच्या क्रमांकावरून होता आणि मावसभाऊ त्या वेळी दुचाकीवर कार्यालयाच्या वाटेत होता. ९:२० ला बिल बंद झाले. या सगळ्या वेळात मावशी वडगावात फोनशेजारी बसून धणे निवडत होती. ‘ही मिरची चालेल का’ याचे उत्तर जगात फक्त तिलाच ठाऊक होते आणि दुकानाकडे तिचा क्रमांकच नव्हता.

दुकानाची अडचण खरी आहे आणि ती आधी नीट समजून घेतली पाहिजे. एका वस्तूची मंजुरी बाकी असली की बाकीच्या तेरा वस्तू टेबलावर पडून राहतात. त्यांत दही किंवा पनीर असेल तर ते थंड कपाटातून बाहेर काढून फार वेळ ठेवता येत नाही. माल पोहोचवणारा मुलगा एका फेरीत वडगाव, शहापूर, अनगोळ अशी पाच-सहा घरे घेतो, त्यामुळे एका घराचे उत्तर अडले की उरलेल्या सगळ्या घरांची वेळ चुकते. म्हणून प्रत्येक दुकान कुठेतरी घड्याळ लावते, आणि ते घड्याळ ग्राहकाला विचार करायला किती वेळ लागेल यावरून ठरत नाही, गाडी सुटायच्या वेळेवरून उलटे मोजत ठरते. ठरलेल्या वेळी पुढे जाणे दुकानाला भागच आहे आणि त्यावर माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप आहे तो पुढे जाण्याच्या दिशेवर. उत्तर आले नाही तर ती वस्तू वगळून पुढे जाता येते किंवा दुसरी वस्तू घालून पुढे जाता येते. दोन्हींनी गाडी वेळेवर सुटते, तरीही बहुतेक ठिकाणी दुसरा मार्ग धरला जातो. तो का धरला जातो हे पाहिले की हा प्रश्न निव्वळ सोयीचा उरत नाही.

पहिले कारण दुकानाच्या मोजमापात आहे. मागवलेल्या वस्तूंपैकी किती वस्तू ग्राहकाला पोहोचल्या याला या व्यवसायात फिल रेट म्हणतात. पुष्कळ ठिकाणी बदली दिलेली वस्तू त्यात ‘पोहोचली’ म्हणून मोजली जाते आणि वगळलेली वस्तू ‘कमी पडली’ म्हणून. माल काढणाऱ्या मुलाचा ताशी वेग आणि त्याच्या यादीतली तूट या दोन्हींवर वरच्यांचे लक्ष असते. समोर गप्प ग्राहक असताना त्याने गुंटूरचे पाकीट टाकले तर चौदापैकी चौदा, रिकामे सोडले तर चौदापैकी तेरा. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या आकड्याने त्याचे काम तोलले जाते, त्या आकड्याला राखून तो वागतो. परंतु त्यामुळे असे घडते की ग्राहकाचे मौन दुकानाच्या दृष्टीने होकारापेक्षाही सोयीचे ठरते, कारण उत्तर देणारा ग्राहक निदान विचार करून नकार देण्याची शक्यता तरी असते.

दुसरे कारण पैशांचे आहे आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. साध्या यूपीआय व्यवहारात भरलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे दुकानाला आपणहून काढून घेता येत नाहीत. प्रत्येक नव्या रकमेसाठी ग्राहकाला पुन्हा मंजुरी द्यावी लागते. बदली वस्तू महाग असेल तर फरक दुकानाने सोसायचा, नाहीतर दारात रोख मागायचा. स्वस्त असेल तर फरक परत केला की काम झाले. त्यामुळे यंत्र जेव्हा पर्याय सुचवते तेव्हा जवळची वस्तू आणि भरलेल्या पैशांत बसणारी वस्तू यांत पैशांत बसणारी वस्तू पुढे येते. त्या दिवशी दुकानात दुसऱ्या बांधणीची ब्याडगी शिल्लक होती, पण ती महाग होती आणि चार पर्यायांच्या यादीत चौथी होती. पहिली गुंटूर होती, कारण ‘लाल मिरची, अख्खी, एक किलो’ या तिन्ही खणांत ती बसत होती आणि भरलेल्या रकमेत मावत होती.

लाल, अख्खी, एक किलो एवढ्यावर मिरची ओळखणारे यंत्र आपल्या भागात किती तोकडे पडते हे सीमाभागातल्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही. ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते तिच्या रंगामुळे आणि सौम्य तिखटामुळे. खुद्द ब्याडगीतही कड्डी आणि डब्बी हा भेद गिऱ्हाईक करते. गुंटूरचे तिखट ब्याडगीच्या दुपटीहून जास्त असते आणि रंग तितका चढत नाही, म्हणजे ज्या एका गुणासाठी मावशी ब्याडगी घेते त्याच्या नेमके उलट पाकीट तिला मिळाले. रव्याचेही तसेच आहे. चिरोटी रवा बारीक असतो आणि बन्सी रवा जाड. दोन्ही गव्हाचेच, दोन्ही यंत्राच्या एकाच खणात, पण उप्पिटासाठी बन्सी मागवणाऱ्याच्या घरी चिरोटी गेला तर कढईत लापशी होते. पोह्यांत जाड आणि पातळ, गुळात चिक्कीचा आणि साधा, ही यादी कितीही लांबवता येईल.

यावर दुकानदार म्हणतात की मिरचीचे सोडा, पण नुसता ब्रँड बदलला तर काय बिघडते? पुष्कळदा काही बिघडत नाही. मिठाच्या किंवा साखरेच्या पिशवीवरचे नाव बदलल्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण ही सवलत सरसकट देता येत नाही, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण हिंगाचे आहे. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेले असते, आणि हे पीठ काही कंपन्या गव्हाचे वापरतात, काही तांदळाचे. ज्याला गव्हातले ग्लुटेन सोसत नाही त्याच्यासाठी एक डबी निर्धोक असते आणि शेजारची डबी आजाराला निमंत्रण. वेष्टनावर ही माहिती देणे अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, म्हणजे ती डबीवर असतेच. पण माल काढणारा मुलगा ती वाचत नाही, वाचायला त्याला वेळही नसतो, आणि ‘हिंग, ५० ग्रॅम’ एवढे जुळले की यंत्र समाधानी होते. शाकाहाराच्या हिरव्या खुणेचीही मर्यादा तीच आहे. शेंगतेलाऐवजी सूर्यफुलाचे तेल आले तर दोन्हींवर हिरवी खूण असते, पण एकादशीला सूर्यफुलाचे तेल न चालणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. दोन वस्तू एकसारख्या आहेत की नाहीत, हे वस्तूवरून ठरत नाही. ती कशासाठी मागवली यावरून ठरते, आणि ते फक्त मागवणाऱ्या घराला माहीत असते.

म्हणूनच मौनाचा अर्थ लावण्याचा प्रश्न महत्त्वाचा होतो. दुकानाच्या घड्याळाला वाटते की ठरलेल्या वेळेत ‘नको’ न म्हणणारा ग्राहक ‘चालेल’ म्हणतो आहे. आपल्या भागातली मौनाची कारणे जरा मोजून पाहावीत. खानापूरपलीकडे जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात फोनची रेंज तासन्‌तास जाते. अनेक घरांत मागवणारा मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत असतो आणि खाणारे आईवडील इथे. संदेश इंग्रजीत येतो, फार तर कन्नडमध्ये, आणि जन्मभर मराठीतून व्यवहार केलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो जाहिरातीसारखा दिसतो. शिवाय अनोळखी क्रमांक उचलू नका, आलेल्या दुव्यावर बोट लावू नका, असे बँका आणि पोलीस सगळ्यांना बजावून सांगतात, आणि ते योग्यच आहे. तो सल्ला पाळणारा सावध माणूस मंजुरीच्या संदेशालाही हात लावत नाही. त्याची सावधगिरी हीच त्याची संमती समजली जाते, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

कायद्याची बाजूही दुकानांना वाटते तितकी मोकळी नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की ग्राहकाची खरेदीची संमती त्याने स्वतः उघडपणे केलेल्या कृतीतूनच नोंदवावी, ती आपोआप नोंदवू नये, आणि आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीतूनही नोंदवू नये. पुष्कळ अ‍ॅपवर ‘वस्तू नसल्यास जवळचा पर्याय द्या’ ही चौकट आधीपासून चालू केलेली असते आणि ती बंद करायला तीन पडदे आत जावे लागते. माझ्या मते हा नियम नेमका अशाच चौकटीला लागू होतो. त्याहून जुना १९३० चा मालविक्री कायदा आहे. विकत घेतलेल्या मालात वेगळ्या वर्णनाचा माल मिसळून दिला, तर ग्राहकाला ठरलेला माल ठेवून बाकीचा नाकारता येतो, किंवा सगळाच नाकारता येतो, असे त्याचे ३७ वे कलम सांगते. नाकारलेला माल दुकानात परत नेऊन देण्याचे बंधनही ४३ वे कलम ग्राहकावर घालत नाही, नाकारत असल्याचे कळवले की पुरे. मावशीला हे ठाऊक नव्हते. दोन दिवसांनी गुंटूरचे पाकीट घेऊन रिक्षाने ती स्वतः दुकानात गेली आणि भाड्याचे पैसे तिच्याच पदरचे गेले.

मग दुकानाने करावे काय? माझे म्हणणे एवढेच आहे की उत्तर न येणे हा नकार धरावा. मंजुरीची वेळ संपली की ती वस्तू वगळावी, तिचे पैसे त्याच क्षणी परत करण्याची नोंद करावी आणि बाकीचा माल वेळेवर पाठवावा. बदली वस्तू घालायची असेल तर तिची परवानगी माल काढताना नव्हे, मागणी नोंदवताना घ्यावी, आणि तीही सगळ्या यादीला मिळून एक नव्हे, वस्तूगणिक घ्यावी. आपल्या किराणा दुकानांत ही रीत जुनीच आहे. यादी देताना गिऱ्हाईक सांगते की ब्याडगी नसेल तर राहू द्या, साखर कोणतीही चालेल, शेंगतेल नसेल तर फोन करा. दुकानदार यादीवर त्या-त्या वस्तूपुढे तशी खूण करतो आणि नसलेल्या वस्तूपुढे ‘नाही’ लिहून पिशवी पाठवतो. ‘राहू द्या’, ‘हेच चालेल’ आणि ‘विचारा’ ही तीन उत्तरे अ‍ॅपवर प्रत्येक वस्तूशेजारी ठेवायला काही मोठे तंत्रज्ञान लागत नाही. ‘विचारा’ म्हटले आणि उत्तर आले नाही तर ‘राहू द्या’ धरावे. विचारण्यासाठी माल जिथे जायचा आहे त्या घरचा दुसरा क्रमांक घ्यावा, आणि तो फोन बेळगावातल्या दुकानातूनच जावा, म्हणजे समोरच्याला मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्याला जी येते त्या भाषेत, बोलता येईल. आपल्याकडच्या दुकानांत काम करणाऱ्या बहुतेक मुलांना दोन्ही भाषा येतात, त्यामुळे हे अवघड नाही.

या नियमाला एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या यादीतले दूध संपले असेल तर ते वगळणे हे दुसऱ्या कंपनीचे दूध देण्यापेक्षा वाईट आहे. चटणी चार दिवस थांबेल, सकाळचा चहा आणि औषधाबरोबरचे दूध थांबणार नाही. हे मला मान्य आहे. दूध, पाव, मीठ अशा चार-पाच रोजच्या वस्तूंपुरती दुकानाने खाते उघडतानाच एकदा परवानगी विचारून ठेवावी. दुधाच्या बाबतीत प्रकार तोच राहिला पाहिजे. टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश असतो आणि फुल क्रीममध्ये सहा टक्के, आणि डॉक्टरांनी स्निग्धांश कमी करायला सांगितलेल्या माणसाला हा फरक मोठा आहे. मात्र तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीला ही सवलत कधीही लागू करू नये. ती वयाच्या टप्प्यांनुसार वेगवेगळी असते, आणि तिथे उत्तर आले नाही तर वगळणे हाच एक मार्ग उरतो.

मोजमाप बदलल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही, हेही सांगायला हवे. संमतीशिवाय दिलेली बदली वस्तू फिल रेटमध्ये ‘पोहोचली’ म्हणून न धरता ‘कमी पडली’ म्हणून धरली, की गप्प ग्राहकाच्या पिशवीत काहीतरी टाकण्याचे माल काढणाऱ्या मुलाचे कारणच संपते. उलट फळीवरच्या मोजणीतली चूक उघडी पडते, जी आज बदली वस्तूच्या आड झाकली जाते. पडद्यावर ब्याडगीची तीन पाकिटे दिसत होती आणि फळीवर एकही नव्हते, हा त्या दिवशीचा मूळ दोष होता. गुंटूर दिल्यामुळे दुकानाच्या हिशेबात तो दिसलाच नाही, आणि मी चौकशीला गेलो त्या दिवशीही पडद्यावर ब्याडगीची दोन पाकिटे शिल्लक होती.

मी त्या दुकानदारांना एक संदेश मराठीत लिहून दिला आणि त्यांच्या हिशेबनीसांनी तो तिथेच कन्नडमध्येही उतरवला: ‘आपण मागवलेली ब्याडगी मिरची (१ किलो) संपली आहे. आमच्याकडे दुसऱ्या बांधणीची ब्याडगी आहे, ती महाग आहे. गुंटूर मिरचीही आहे, ती जास्त तिखट असते. काय पाठवू ते ९:१५ पर्यंत कळवा. उत्तर न आल्यास मिरची वगळून तिचे पैसे परत करू, बाकीचा माल वेळेवर येईल.’ मालकांनी तो वाचला आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून, हे वाक्य बसवण्यासाठी अ‍ॅप तयार करणाऱ्यांशी बोलावे लागेल, असे सांगितले. ते बोलले की नाही हे पुढच्या उन्हाळ्यात मावशीच्या यादीवरून समजेल.